बियाण्याची एक रास, निर्णयाच्या दोन वाटा : झेड चाचणीतील क्रांतिक मूल्य आणि पी-मूल्य

सोयाबीनच्या पेरणीपूर्वी गावोगाव उगवणक्षमतेची चाचणी घेतली जाते. सोयाबीनचे बीजावरण पातळ आणि नाजूक असते. मळणीच्या वेळी यंत्राचे फेरे जास्त झाले, साठवणीत ओलावा राहिला किंवा पोत्यांची थप्पी उंच रचून आदळआपट झाली, तर बी बाहेरून टपोरे दिसूनही आतला अंकुर निकामी झालेला असतो. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी देशात किमान ७० टक्के उगवणक्षमतेचे प्रमाण ठरलेले आहे आणि घरचे बियाणे वापरणारा शेतकरीही त्याच आकड्याकडे बोट दाखवतो. प्रश्न उभा राहतो तो चाचणीचा निकाल सत्तरच्या थोडा खाली आल्यावर. सदुसष्ट किंवा सहासष्ट टक्के उगवण म्हणजे बियाणे खरोखरच कमी प्रतीचे, की हाती आलेल्या बियांचा तो केवळ योगायोग?

एक उदाहरण घेऊ. एका शेतकरी उत्पादक गटाकडे सभासदांच्या पेरणीसाठी राखून ठेवलेली सोयाबीनची एक मोठी रास आहे. राशीतील सर्व पोत्यांमधून, वरून, मधून आणि तळातून, थोडे थोडे बियाणे काढून ते एकत्र मिसळले गेले आणि त्यातून सरसकट ४०० बिया मोजून घेतल्या. शंभर-शंभरच्या चार आवृत्त्या ओल्या कागदात गुंडाळून ठेवल्या. आठव्या दिवशी मोजणी झाली, तेव्हा चारही आवृत्त्या मिळून २६४ बियांपासून सामान्य रोपे मिळाली. उगवण ६६ टक्के.

गटातील दोन कार्यकर्त्यांनी या आकड्यावर झेड चाचणी लावली. एकाने संख्याशास्त्राच्या पुस्तकातील तक्ता उघडला आणि निष्कर्ष काढला की पाच टक्के सार्थकता पातळीवर ही रास सत्तर टक्क्यांच्या खालची ठरते. दुसऱ्याने तेच आकडे संगणकात भरले. पडद्यावर पी-मूल्य ०.०८१ आले. ते ०.०५ पेक्षा मोठे असल्याने रास कमी प्रतीची म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असे त्याचे मत पडले. रास एक, बिया त्याच, चाचणीही तीच, मग निर्णय दोन कसे?

दोन्ही पद्धती योग्य रीतीने वापरल्या तर असे कधीही घडू शकत नाही. इथे ते घडले, याचा अर्थ कुठेतरी दोन वेगळे प्रश्न विचारले गेले आहेत. तो घोटाळा शोधण्यासाठी आधी दोन्ही वाटा एकदा शेवटपर्यंत चालून पाहिल्या पाहिजेत.

दोन्ही वाटांचा सामाईक भाग

कोणतीही पद्धत वापरली तरी सुरुवात सारखीच असते. प्रथम शून्य गृहीतक मांडायचे : राशीची खरी उगवणक्षमता ७० टक्के आहे. त्याच्यासमोर पर्यायी गृहीतक : ती ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे. इथे चिंता फक्त खालच्या बाजूची आहे. उगवण ७५ किंवा ८० टक्के निघाली तर कोणाचीच तक्रार नाही. म्हणून ही चाचणी एकतर्फी, डाव्या बाजूची आहे.

त्यानंतर सार्थकता पातळी ठरवायची, आणि तीही निकाल पाहण्यापूर्वी. इथे ती ५ टक्के, म्हणजे ०.०५ मानली आहे. तिचा अर्थ असा : रास खरोखर ७० टक्क्यांची असतानाही तिला चुकून नाकारण्याचा धोका शंभरात पाच इतपत पत्करण्याची गटाची तयारी आहे.

आता प्रमाण त्रुटी. रास खरोखर ७० टक्क्यांची असली, तरी ४०० बियांच्या प्रत्येक नमुन्यात नेमक्या २८० बिया उगवतील असे नाही. कधी २७२, कधी २९० उगवतील. हा चढउतार साधारण किती असतो, ते पुढील सूत्र सांगते.

```
SE = sqrt(0.70 × 0.30 / 400) = 0.0229
z  = (0.66 − 0.70) / 0.0229 = −1.746
```

प्रमाण त्रुटी सुमारे २.२९ टक्के आली. निरीक्षित उगवण अपेक्षेपेक्षा ४ टक्क्यांनी कमी आहे, म्हणजेच ती अपेक्षेच्या १.७४६ प्रमाण त्रुटी इतकी खाली आहे. झेडचे मूल्य −१.७४६ याचा अर्थ एवढाच. येथवर दोन्ही पद्धतींत तसूभरही फरक नाही. वाटा फुटतात त्या यानंतर.

पहिली वाट : क्रांतिक मूल्य

या पद्धतीत आधी सीमारेषा आखली जाते. शून्य गृहीतक खरे असेल तर झेडची मूल्ये घंटेच्या आकाराच्या प्रमाणित प्रसामान्य वक्राखाली पसरतात. वक्राखालचे एकूण क्षेत्रफळ १ असते. आडव्या अक्षावर असा एक बिंदू शोधायचा, की त्याच्या डावीकडे क्षेत्रफळाचा बरोबर ०.०५ भाग उरेल. तो बिंदू −१.६४५ आहे. हेच क्रांतिक मूल्य. झेड या बिंदूच्या डावीकडे पडला तर शून्य गृहीतक नाकारायचे, उजवीकडे पडला तर नाकारायचे नाही.

मिळालेला झेड −१.७४६ आहे. तो −१.६४५ च्या डावीकडे पडतो. निर्णय : शून्य गृहीतक नाकारावे. राशीची उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे.

या पद्धतीचा एक व्यावहारिक फायदा असा की सीमारेषा थेट बियांच्या संख्येत उतरवता येते. अपेक्षित २८० बियांमधून १.६४५ गुणिले ९.१६५ वजा केले की २६४.९ येते. (४०० बियांसाठी मोजणीतील प्रमाण त्रुटी ९.१६५ बिया इतकी असते.) म्हणजे ४०० पैकी २६४ किंवा त्याहून कमी बिया उगवल्या तर नाकारायचे, २६५ किंवा अधिक उगवल्या तर नाकारायचे नाही. मोजणी करणाऱ्याजवळ हा एक आकडा लिहून ठेवला, तर त्याला पुढे गणित करण्याचीही गरज उरत नाही.

दुसरी वाट : पी-मूल्य

इथे सीमारेषा आधी आखली जात नाही. मिळालेल्या झेडपासूनच सुरुवात होते आणि प्रश्न विचारला जातो तो असा : रास खरोखर ७० टक्क्यांची असेल, तर इतकी कमी किंवा याहूनही कमी उगवण केवळ योगायोगाने दिसण्याची संभाव्यता किती? उत्तर म्हणजे वक्राखाली −१.७४६ च्या डावीकडे असलेले क्षेत्रफळ. ते ०.०४०४ आहे. हेच पी-मूल्य.

आता तुलना ०.०५ शी करायची. ०.०४०४ हे ०.०५ पेक्षा लहान आहे. निर्णय : शून्य गृहीतक नाकारावे. पहिल्या वाटेने जिथे पोहोचलो, दुसरी वाटही तिथेच घेऊन आली.

निर्णय एकच का येतो

कारण समजण्यासाठी धरणाची पाणीपातळी डोळ्यांसमोर आणावी. भिंतीवरच्या मोजपट्टीवर पातळी मीटरमध्ये वाचता येते. प्रत्येक धरणाचा एक क्षमता-तक्ता असतो, त्यावरून त्या पातळीला किती दशलक्ष घनमीटर साठा आहे तेही कळते. समजा, साठा एका ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचला की दरवाजे उघडायचे, असा नियम आहे. एक कर्मचारी मोजपट्टीवर त्या साठ्याशी जुळणारी खूण रंगवून ठेवतो आणि पाणी खुणेला लागले का तेवढे पाहतो. दुसरा रोजची पातळी तक्त्यात घालून साठा काढतो आणि तो मर्यादेशी ताडून पाहतो. या दोघांचा निर्णय वेगळा होऊच शकत नाही, कारण खूण त्याच तक्त्यातून काढलेली आहे आणि पातळी वाढली की साठाही वाढतोच.

झेड चाचणीत झेडचे मूल्य म्हणजे पातळी आणि वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे साठा. प्रसामान्य वक्र हाच क्षमता-तक्ता. झेड जितका डावीकडे सरकेल तितके त्याच्या डावीकडचे क्षेत्रफळ घटत जाते, ते कधी थांबत नाही की उलट फिरत नाही. −१.६४५ या बिंदूची व्याख्याच मुळी ‘ज्याच्या डावीकडे ०.०५ क्षेत्रफळ आहे तो बिंदू’ अशी आहे. म्हणून झेड त्या बिंदूच्या डावीकडे असेल तर त्याचे क्षेत्रफळ ०.०५ पेक्षा कमी असलेच पाहिजे, आणि क्षेत्रफळ ०.०५ पेक्षा कमी असेल तर झेड त्या बिंदूच्या डावीकडे असलाच पाहिजे. पहिली पद्धत आडव्या अक्षावरची अंतरे ताडून पाहते, दुसरी वक्राखालची क्षेत्रफळे. वक्र एकच आहे.

हे आकड्यांत तपासून पाहता येते. पुढील तक्त्यात ४०० पैकी उगवलेल्या बियांची संख्या बदलत नेली आहे.

| उगवलेल्या बिया | झेड | पी-मूल्य | ५ टक्के पातळीवर (क्रांतिक −१.६४५) | १ टक्का पातळीवर (क्रांतिक −२.३२६) |
|---|---|---|---|---|
| २७० | −१.०९१ | ०.१३८ | नाकारू नये | नाकारू नये |
| २६५ | −१.६३७ | ०.०५१ | नाकारू नये | नाकारू नये |
| २६४ | −१.७४६ | ०.०४० | नाकारावे | नाकारू नये |
| २५९ | −२.२९१ | ०.०११ | नाकारावे | नाकारू नये |
| २५८ | −२.४०० | ०.००८ | नाकारावे | नाकारावे |

पाच टक्क्यांच्या पातळीवर २६५ वरून २६४ वर येताना झेड −१.६४५ ची रेषा ओलांडतो आणि त्याच एका बीमागे पी-मूल्यही ०.०५ च्या खाली उतरते. एक टक्क्याच्या पातळीवर तेच २५९ आणि २५८ यांच्यामध्ये घडते. दोन्ही पद्धतींचा निर्णय एकाच बियाला पालटतो, आधी एक आणि मग दुसरी असे कधी होत नाही.

मग त्या दोघांचे काय चुकले

संगणकाने ०.०८१ दिले होते आणि हाताने ०.०४०४ आले. पहिला आकडा दुसऱ्याच्या दुप्पट आहे. खूण पटण्यास एवढे पुरे. अनेक संगणक प्रणाली, वेगळे सांगितले नाही तर, दुतर्फी चाचणी गृहीत धरतात. म्हणजे त्या ‘उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी आहे का’ असे न विचारता ‘उगवण ७० टक्क्यांपेक्षा वेगळी आहे का’ असे विचारतात आणि वक्राच्या दोन्ही टोकांची क्षेत्रफळे जोडतात. पहिल्या कार्यकर्त्याने मात्र तक्त्यातून एकतर्फी क्रांतिक मूल्य घेतले होते.

दुतर्फीच चाचणी करायची असती, तर क्रांतिक मूल्येही −१.९६ आणि +१.९६ घ्यावी लागली असती. −१.७४६ त्या दोन रेषांच्या मध्ये पडतो, म्हणून नाकारता आले नसते आणि ०.०८१ या पी-मूल्यानेही तेच सांगितले असते. एकतर्फीला एकतर्फी आणि दुतर्फीला दुतर्फी अशी जोडी जुळवली की विसंगती नाहीशी होते. या राशीपुरता प्रश्न खालच्या बाजूचा होता आणि तो निकाल पाहण्याआधी ठरला होता, म्हणून ०.०४०४ हेच योग्य पी-मूल्य. निकाल हाती आल्यावर सोयीची बाजू निवडणे मात्र अयोग्य. तसे केल्यास पत्करलेला पाच टक्क्यांचा धोका प्रत्यक्षात दहा टक्क्यांपर्यंत जातो.

ही पडताळणी कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये तीन ओळींत होते.

```
=NORM.S.INV(0.05)               → −1.645
=NORM.S.DIST(-1.746, TRUE)      → 0.0404
=2*NORM.S.DIST(-1.746, TRUE)    → 0.0808
```

पहिली ओळ क्षेत्रफळावरून बिंदू काढते, दुसरी बिंदूवरून क्षेत्रफळ. दोन्ही सूत्रे एकाच तक्त्याच्या उलटसुलट वाचनासारखी आहेत.

दोन पद्धतींचे निर्णय जुळेनासे झाले, तर आणखी तीन ठिकाणी शोध घ्यावा. पी-मूल्य ०.९६ सारखे एकाच्या अगदी जवळ आले, तर चुकीच्या टोकाचे क्षेत्रफळ घेतले गेले आहे. स्प्रेडशीटमधील `Z.TEST` हे सूत्र उजव्या टोकाचे क्षेत्रफळ देते, त्यामुळे डाव्या बाजूच्या चाचणीत त्याचे उत्तर १ मधून वजा करावे लागते. दुसरे ठिकाण म्हणजे पूर्णांकन. २६५ बियांचे पी-मूल्य ०.०५०९ आहे. ते दोनच दशांश स्थळांत ०.०५ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला ते सीमेवरच बसल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ते सीमेच्या पलीकडे आहे. सीमेजवळ असताना किमान चार दशांश स्थळे ठेवावीत. तिसरे ठिकाण प्रमाण त्रुटीचे. वरील गणितात ती गृहीतकातील ७० टक्क्यांवरून काढली आहे. काही प्रणाली ती नमुन्यातील ६६ टक्क्यांवरून काढतात, तेव्हा झेड −१.६८९ येतो. एका पद्धतीत एक झेड आणि दुसऱ्या पद्धतीत दुसरा झेड वापरला, तर सीमेजवळ निर्णय वेगळे पडू शकतात. एकच झेड दोन्हीकडे वापरला, तर ते शक्य नाही.

दोन वाटा आल्या कुठून

निर्णय एकच येत असेल तर दोन पद्धती का टिकल्या, याचे उत्तर बरेचसे इतिहासात आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी प्रयोग केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये संशोधकांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध केले. पी-मूल्याची भाषा रूढ होण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. पुराव्याचे बळ मोजणे, हा त्यामागचा विचार. जर्झी नेमन आणि एगन पिअर्सन यांनी १९३३ च्या सुमारास वेगळी मांडणी केली : आधी चुकीचा धोका ठरवा, सीमा आखा आणि मग नियमाप्रमाणे निर्णय घ्या. क्रांतिक मूल्याची पद्धत या मांडणीला जवळची. संगणक नसताना प्रत्येक झेडचे क्षेत्रफळ काढणे कष्टाचे होते आणि ठराविक पातळ्यांची क्रांतिक मूल्ये छापील तक्त्यात तयार मिळत, म्हणूनही ती पद्धत अध्यापनात रुजली.

व्यवहारात फरक राहतो तो अहवालाचा. ‘पाच टक्के पातळीवर नाकारले’ एवढेच लिहिले, तर एक टक्क्याची कसोटी लावणाऱ्याला काहीच सांगता येत नाही. पी-मूल्य ०.०४०४ लिहिले, तर तो ते ०.०१ शी ताडून स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. पी-मूल्य म्हणजे ज्या सर्वांत लहान पातळीपर्यंत गृहीतक नाकारता येते ती पातळी, असेही म्हणता येते. मात्र मोजणीच्या जागीच झटपट निर्णय द्यायचा असेल, तर ‘२६४ किंवा कमी’ ही सीमाच सोयीची.

चाचणी काय सांगत नाही

पी-मूल्य ०.०४०४ म्हणजे ‘रास चांगली असण्याची शक्यता चार टक्के’ असे नव्हे. रास ७० टक्क्यांची आहे असे धरून नमुन्याबद्दल केलेले ते विधान आहे, राशीबद्दलचे नव्हे. तसेच, गृहीतक नाकारता आले नाही म्हणजे रास उत्तम असल्याचे सिद्ध झाले, असेही नाही. घरगुती चाचणीप्रमाणे शंभरच बिया घेतल्या असत्या आणि ६६ उगवल्या असत्या, तर प्रमाण त्रुटी ४.५८ टक्के, झेड −०.८७ आणि पी-मूल्य सुमारे ०.१९ आले असते. दोन्ही पद्धतींनी एकमुखाने ‘नाकारू नये’ असे म्हटले असते. बियाणे तेच, टक्केवारी तीच, फक्त पुरावा तोकडा. दोन पद्धतींचे एकमत हे निर्णय बरोबर असल्याचे प्रमाणपत्र नाही, कारण दोन्ही एकाच नमुन्यावर उभ्या आहेत. सर्व बिया एकाच पोत्यातून काढल्या असतील, तर दोन्ही सारख्याच फसतील.

प्रमाणीकरणाचा अधिकृत निर्णय बीज परीक्षण प्रयोगशाळा आपल्या विहित पद्धतीने आणि सहनमर्यादांच्या तक्त्यांनुसार देते. ही चाचणी त्याला पर्याय नाही. गटापुढचा प्रश्न मात्र याने सुटतो. रास ७० टक्क्यांच्या खालची आहे असे धरून चालायचे ठरले, की पुढचे गणित सोपे आहे. हेक्टरी ७५ किलो बियाणे ७० टक्के उगवणीसाठी धरले, तर ६६ टक्क्यांसाठी ७५ गुणिले ७० भागिले ६६, म्हणजे सुमारे ८० किलो लागेल. हेक्टरी पाच किलो जादा बियाणे पुरेल का, की दुसऱ्या राशीतून पेरणी करावी, हे सभासदांनी पाऊस पडण्यापूर्वी ठरवायचे आहे. त्या बैठकीत निकालाच्या कागदावर उगवलेल्या बिया, एकूण बिया, चाचणी कोणत्या बाजूची आणि पी-मूल्य किती, या चार गोष्टी लिहिलेल्या असल्या, म्हणजे तक्ता पाहणारा आणि संगणक पाहणारा यांच्यात वाद होण्याचे कारण उरत नाही.